खुले पत्र: पासवर्ड दिला म्हणजे पेज सोपवले असे होत नाही

प्रति,
मा. प्राचार्य, विद्यार्थी विकास समितीचे सर्व सदस्य आणि निसर्ग मंडळाचे मार्गदर्शक प्राध्यापक यांस,

सविनय नमस्कार.

मी आपल्या महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आहे. २०१९ ते २०२२ अशी तीन वर्षे मी निसर्ग मंडळात होते आणि २०२१-२२ या वर्षी मंडळाची कार्यवाह होते. मंडळाच्या इन्स्टाग्राम पेजविषयी समितीने गेल्या महिन्यात एक सूचना काढली आहे. मंडळाचे जुने पेज कायमचे काढून टाकावे, यापुढे दरवर्षीच्या कार्यकारिणीने स्वतःचे नवे पेज सुरू करावे आणि त्या पेजचा पासवर्ड कार्यालयातील नोंदवहीत लिहून द्यावा, असे त्यात म्हटले आहे. या सूचनेचा फेरविचार व्हावा म्हणून मी दोन लेखी अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आजी-माजी विद्यार्थ्यांनाही वाचता यावे अशा रीतीने हे पत्र लिहीत आहे.

या पेजशी माझा संबंध केवळ पदापुरता नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मी प्रथम वर्षाला होते. पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा माझ्या मावशीचे शाहूपुरीतील कुंभार गल्लीतले घर रिकामे करावे लागले. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ असतात. पण पाणी आत्ता किती आहे, वाढते आहे की उतरते आहे, कोणता रस्ता बंद झाला, हे त्या दिवसांत आम्हाला कळत होते ते बऱ्याच अंशी आपल्याच मंडळाच्या पेजवरून. प्रशासनाने जाहीर केलेली पातळी वेळेसह टाकायची आणि ऐकीव माहिती टाकायची नाही, एवढा एकच नियम तेव्हाच्या मुलांनी पाळला होता. मी मंडळात आले ती त्यामुळे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा ते काम आमच्या तुकडीकडे होते.

पुराशिवायही त्या पेजवर जे आहे ते दुसरीकडे कोठेही नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, रंकाळ्याच्या काठावरील एकाच जागेवरून, संध्यामठ चौकटीत येईल असा एक फोटो काढायचा आणि तारखेसह टाकायचा, ही मंडळाची रीत आहे. मठ किती बुडाला आहे, जलपर्णी कोठपर्यंत आली आहे, हे त्या फोटोंच्या ओळीत महिन्यागणिक दिसते. त्यांतले पहिल्या चार वर्षांचे मूळ फोटो ज्यांच्या फोनमध्ये होते ते फोन आज अस्तित्वात नाहीत. उरले आहे ते पेजवरचे.

आता मूळ घटनेकडे येते. समितीच्या सूचनेत तिचा उल्लेख ‘विद्यार्थ्यांनी पासवर्ड गमावल्यामुळे’ असा केलेला आहे. तो चुकीचा आहे आणि पुढचा सगळा निर्णय त्या चुकीवर उभा आहे. पासवर्ड एक दिवसही हरवला नव्हता. तो सर्वांना ठाऊक होता, आणि तरीही पेज उघडत नव्हते.

घडले ते असे. पेज २०१६ मध्ये तेव्हाच्या कार्यवाहांनी स्वतःच्या खासगी जीमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर सुरू केले. तेव्हा दुसरी सोयही नव्हती. त्यानंतर प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला पासवर्ड सांगितला, नव्या मुलांनी आपल्या फोनवर लॉगिन केले, फोटो टाकता येऊ लागले आणि हस्तांतर झाले असे सर्वांनी मानले. आमच्या वर्षी कोणीतरी बाहेरून पेजमध्ये शिरण्याचा प्रयत्न करत असल्याचे दिसले, म्हणून मी दुहेरी पडताळणी सुरू केली. म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोडही द्यावा लागेल अशी व्यवस्था केली. पद सोडताना तो कोड येण्याचा क्रमांक बदलून माझ्यानंतरच्या कार्यवाहाचा टाकला. पेजला जोडलेला मेल मात्र तसाच राहू दिला, आणि मोबाइलवरच्या कोडाऐवजी वापरता येणारे जे बॅकअप कोड त्या वेळी छापून ठेवायला हवे होते ते मी ठेवले नाहीत. या दोन चुका माझ्या आहेत आणि त्या मी येथे नोंदवते.

माझ्यानंतरचा कार्यवाह २०२३ मध्ये नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि तेथे त्याने दुसरे सिम घेतले. जुन्या प्रीपेड क्रमांकावर त्याने पुन्हा रिचार्ज केले नाही. आपल्याकडे प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही आणि त्यावर किमान शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करू शकते, आणि आणखी काही काळ थांबून तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. याची कोणालाही जाणीव झाली नाही, कारण पुढच्या दोन्ही तुकड्यांचे फोन आधीपासूनच लॉगिन केलेले होते. ज्या फोनवर लॉगिन टिकून असते त्याला कोड विचारला जात नाही. त्यामुळे पेज रोज चालत असते, आणि त्याचे कुलूप कधीच परक्याच्या नावावर गेलेले असते.

यंदा जूनअखेरीस मंडळाची मुले पन्हाळ्याहून परतत असताना सध्याच्या कार्यवाहाचा फोन पावसात भिजून बंद पडला. नव्या फोनवर त्याने पासवर्ड टाकला, तो बरोबर ठरला, आणि कोड त्या जुन्या क्रमांकावर गेला. आम्ही त्या क्रमांकावर फोन केला तेव्हा लातूरच्या एका ताईंनी उचलला. तो क्रमांक आठ महिन्यांपासून त्यांचा होता. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही असे त्यांना बँकेने शिकवले होते, म्हणून त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यांचे काहीही चुकले नाही. मग उरला मेल. पडद्यावर पहिले अक्षर आणि शेवटचा आकडा एवढेच दाखवणारा पत्ता आला, त्यावरून २०१६ च्या कार्यवाहांचा शोध लागला. ते परदेशी आहेत. त्यांनी ती मेलपेटी २०२० नंतर उघडलेली नव्हती. सलग २ वर्षे न वापरलेले खासगी खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात आणायला सुरुवात केली. त्यांचे खाते त्यात गेले होते. एकदा काढलेला जीमेल पत्ता पुन्हा कोणालाही घेता येत नाही, अगदी मूळ मालकालाही नाही. म्हणजे एक दार परक्याच्या हाती आणि दुसरे दार भिंतीत बुजलेले, अशी स्थिती झाली.

इन्स्टाग्रामकडे खात्याची ओळख पटवण्याची एक सोय आहे: चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवायचा आणि तो खात्यावरील फोटोंशी जुळवून पाहिला जातो. ती एका माणसाच्या खात्यासाठी आहे. आपल्या पेजवर बगळे, पाणकावळे, पन्हाळ्याची तटबंदी आणि दरवर्षी बदलणारे तीस-चाळीस चेहरे आहेत. त्यांत ‘मालक’ कोण, हे कोणता व्हिडिओ सिद्ध करणार? ज्या खात्यावर मालकाचे फोटो नसतात त्याच्या बाबतीत खाते उघडताना दिलेला मेल किंवा क्रमांक आणि तेव्हा वापरलेल्या उपकरणाचा प्रकार विचारला जातो. ती माहिती आम्ही परदेशातून मिळवून पाठवली, पण पेज त्या मार्गाने उघडले नाही.

पेज उघडले ते ४१व्या दिवशी, गडहिंग्लजमधील एका कपाटातून. आमच्या तुकडीच्या खजिनदार मैत्रिणीने आपला जुना फोन लहान भावाला देण्यासाठी बाहेर काढला होता. फोन पुसून कोरा करण्यापूर्वी सहज उघडून पाहिला, तर त्यावर मंडळाचे पेज लॉगिन अवस्थेतच होते, कारण २०२१ नंतर पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. तिने प्रथम मला फोन केला, हे आमचे भाग्य. अशा वेळी घाईने पासवर्ड बदलण्याचा किंवा एकदा बाहेर पडून पुन्हा आत येण्याचा मोह होतो. तिने तसे केले असते तर तोही फोन कोड मागत बसला असता. आम्ही फोन चार्जरला लावला, अॅप अद्ययावतही केले नाही, आणि Accounts Center मधील दुहेरी पडताळणीच्या पानावरून प्रथम Backup codes काढून कागदावर उतरवले. तो फोन ओळखीचा असल्यामुळे अॅपने तेथे केवळ पासवर्ड विचारला. प्रत्येक वेळी एवढ्यावर भागेल याची शाश्वती नाही. हे आठ अंकी कोड हातात आल्यावर मोबाइल क्रमांकाची गरज उरली नाही. त्यानंतर सिमशिवाय फोनवरच कोड दाखवणारे ऑथेंटिकेटर अॅप जोडले, मंडळाच्या नावाने काढलेला नवा मेल पत्ता जोडला, बंद पडलेला मेल आणि लातूरचा क्रमांक काढून टाकला, आणि सगळ्यांत शेवटी पासवर्ड बदलला.

त्या दिवशी Where you're logged in हे पानही उघडून पाहिले. तेथे ११ उपकरणे होती. नऊ माजी सदस्यांची, एक तो कपाटातला फोन, आणि एक संगणक होता बिंदू चौकाच्या बाजूच्या डिजिटल फलकांच्या दुकानातला. स्नेहसंमेलनाच्या फलकासाठी फोटो उतरवून घेताना तेथे कोणीतरी लॉगिन केले होते आणि बाहेर पडायचे राहून गेले होते. दुकानदाराने त्याचा गैरवापर केला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण आपले पेज तीन वर्षे त्याच्या सज्जनपणावर उघडे होते.

एवढे सविस्तर लिहिले, कारण यातूनच समितीच्या सूचनेवरील माझे आक्षेप निघतात.

माझा पहिला आक्षेप दरवर्षी नवे पेज काढण्यावर आहे. पेज परत मिळाल्याचे आम्ही त्याच आठवड्यात कळवले होते, तरी ‘गोंधळ नको’ या कारणास्तव जुने काढून टाकण्याचा आग्रह कायम आहे. पेज काढून टाकण्याची विनंती केल्यावर ३० दिवसांची मुदत असते. ती संपल्यावर फोटो, मजकूर, टिपा यांतले काहीही परत मिळत नाही आणि तेच नाव पुन्हा मिळेल याची हमी नसते. ते नाव मंडळाने लावलेल्या पक्षी-माहितीच्या फलकांवर छापलेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुराच्या रात्री लोक नवे पेज शोधत बसत नाहीत. जे आधीपासून त्यांच्या फोनवर येते तेच ते पाहतात. जूनमध्ये सुरू केलेल्या पेजला जुलैपर्यंत मंडळाचीच मुले आणि त्यांचे मित्र तेवढे जोडले गेलेले असतील. आणि मूळ दोष यात सुटतही नाही, कारण ते नवे पेजही कोणा विद्यार्थ्याच्याच मेलवर आणि क्रमांकावर निघणार आहे.

दुसरा आक्षेप नोंदवहीवर. नोंदवहीतील पासवर्ड कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसू शकतो, आणि तो बदलला की नोंद जुनी होते, हे तर आहेच. पण खरी अडचण अशी की पासवर्ड हा प्रवेशाचा सर्वांत दुबळा भाग आहे. ज्याच्या हाती मेल आहे त्याला पासवर्ड नव्याने करता येतो. ज्याच्या हाती केवळ पासवर्ड आहे त्याला मेल मिळवता येत नाही. नोंदवहीत लिहायचेच असेल तर एवढे लिहावे: पेजला कोणता मेल जोडला आहे, तो कोणाच्या ताब्यात आहे, कोड कोठे येतो, आणि बॅकअप कोडांचा कागद कोठे आहे. यात गुपित काहीच नाही.

तिसरी बाब आक्षेपाची नव्हे, दुर्लक्षाची आहे. मंडळासाठी महाविद्यालयाच्या नावाचा मेल पत्ता मिळावा अशी मागणी माझ्या तुकडीने केली होती आणि नंतरच्या तुकड्यांनीही केली. प्रत्येक वेळी उत्तर मिळाले की विद्यार्थ्यांना त्यांचे वैयक्तिक महाविद्यालयीन मेल दिलेले आहेत, तेच वापरावेत. ते मेल विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की बंद केले जातात. म्हणजे त्यावर पेज जोडणे हे २०१६ च्या चुकीपेक्षा घातक आहे. खासगी मेल निदान चार वर्षे तरी टिकला.

आता मागण्या लिहिते. पहिली मागणी मेलपेटीची. महाविद्यालयाच्या डोमेनवर निसर्ग मंडळाच्या नावाची, कोणाही व्यक्तीच्या नावाची नसलेली, एक मेलपेटी द्यावी आणि ती कोणी उत्तीर्ण झाले म्हणून बंद होणार नाही असे लेखी ठरवावे. आपली मेलव्यवस्था गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेवर आहे. तिच्यात संगणक विभागातील प्रशासकाला कोणत्याही पेटीचा पासवर्ड नव्याने करता येतो आणि तिच्यासाठी बॅकअप कोडही काढून देता येतात. म्हणजे सगळी मुले पांगली, सगळे फोन भिजले, तरी प्राचार्यांच्या एका पत्रावर पेटी उघडेल आणि पेटीतून पेज परत मिळवण्याची वाट मोकळी राहील. ही सोय खासगी जीमेलमध्ये नाही. आज आम्ही पेजला जो मेल जोडला आहे तो नाइलाजाने काढलेला साधा जीमेलच आहे, आणि तो लवकर बदलला जावा अशी माझी इच्छा आहे. त्याबरोबर एक मर्यादाही लेखी असावी: पेटी महाविद्यालयाची, पेज चालवणे मुलांचे. कार्यालयाने त्या पेटीचा उपयोग परस्पर मजकूर टाकण्यासाठी किंवा काढण्यासाठी करू नये. मुलांच्या मनात ही भीती आहे आणि ती दूर न करता पेटी दिली, तर पुढची तुकडी पुन्हा खासगी मेलच वापरेल.

दुसरी मागणी वेळेची आणि पद्धतीची. आज हस्तांतर होते ते परीक्षेनंतर, निरोपाच्या घाईत, व्हॉट्सअॅपवर पासवर्ड पाठवून. ते फेब्रुवारीत, स्नेहसंमेलन आटोपल्यावर आणि परीक्षांपूर्वी, जुनी आणि नवी तुकडी एका टेबलाशी बसून व्हावे. जाणाऱ्यांचा प्रवेश एप्रिलअखेरीस काढावा. मधले दोन महिने दोन्ही तुकड्या पेज चालवतील, आणि राहिलेल्या त्रुटी जाणारा विद्यार्थी कोल्हापुरात असतानाच उघड होतील. हा काळ देण्यामागे एक साधे कारण आहे. गूगल खात्याचा पर्यायी क्रमांक बदलला तरी पुढचे ७ दिवस जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल देऊ शकते. जुना माणूस गावात असेल तर हा आधार ठरतो. तो निघून गेलेला असेल तर तीच अडचण होते.

प्रत्यक्ष बैठकीला दीड तास पुरतो. आम्ही ऑगस्टमध्ये दोनदा करून पाहिले. क्रम मात्र मोडू नये. प्रथम मेलपेटी नव्या हातांत जावी, तिचा पासवर्ड आणि पर्यायी क्रमांक बदलावा. मग पेजला जोडलेला मेल तोच आहे ना, हे पाहावे आणि कोणाचाही वैयक्तिक क्रमांक जोडलेला असल्यास काढावा. नंतर ऑथेंटिकेटर अॅप नव्याने जोडावे. ते करताना पडद्यावर जो क्यूआर दिसतो तो एकाच वेळी नव्या कार्यवाहाने, उपकार्यवाहाने आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी आपापल्या फोनवर टिपून घ्यावा. तिघांच्याही फोनवर तोच कोड दिसत राहतो, सिमचा संबंध उरत नाही आणि एक फोन भिजला तरी काम अडत नाही. मग बॅकअप कोड नव्याने काढावेत, कारण नवा संच काढला की जुना निरुपयोगी होतो, आणि त्यांच्या दोन प्रती छापून एक पाकिटात बंद करून मार्गदर्शकांकडे द्यावी.

यानंतर जी पायरी आहे ती आमच्या कोणत्याही तुकडीने कधी केली नाही, आणि केली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. नव्या कार्यवाहाने आपल्या फोनवरून पेजमधून पूर्ण बाहेर पडावे आणि जुन्या तुकडीतील कोणालाही काहीही न विचारता, शून्यापासून पुन्हा आत यावे. त्याला कोठेही ‘दादा, तुला कोड आला का?’ असे विचारावे लागले तर हस्तांतर झालेले नाही, असे समजून मागे जावे. या परीक्षेच्या वेळी जुन्या कार्यवाहाचा फोन लॉगिन अवस्थेत टेबलावर असलाच पाहिजे. चुकले तर परतीची वाट तीच आहे. परीक्षा पार पडल्यावर पासवर्ड बदलावा. एप्रिलअखेरीस तो पुन्हा एकदा बदलून, लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी वाचत नको असलेली एकेक काढावीत.

यात एक बारीकशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. पेजला आधी एखाद्याचा खासगी मेल जोडलेला असेल आणि तो बदलला, तर त्या जुन्या मेलवर ‘तुमचा मेल बदलला आहे’ अशी सूचना जाते आणि हा बदल तुम्ही केला नसेल तर येथून परत फिरवा, असा दुवा तीत असतो. माजी कार्यवाहाने घाबरून तो दुवा दाबला तर केलेले काम उलटू शकते. म्हणून मेल बदलताना मूळ व्यक्तीला फोन करून आधी सांगावे.

फेसबुक पेजविषयी थोडक्यात लिहिते, कारण तेथील रचना वेगळी आहे. तेथे पासवर्ड सोपवायचाच नसतो. प्रत्येक जण स्वतःच्या खात्यातून पेज चालवतो आणि पूर्ण नियंत्रण असलेली व्यक्ती दुसऱ्याला ते देऊ शकते. आपल्या फेसबुक पेजचे पूर्ण नियंत्रण ऑगस्टपर्यंत परदेशातील त्या एकाच माजी कार्यवाहांकडे होते. त्यांचे खाते बंद झाले असते तर पेजही गेले असते. आता ते मार्गदर्शक प्राध्यापकांसह तिघांकडे आहे. काही मंडळे ‘अमुक मंडळ’ अशा नावाची खोटी व्यक्ती उभी करून तिच्या खात्यातून पेज चालवतात. फेसबुक व्यक्तीच्या खात्यासाठी खऱ्या माणसाचे नाव मागते आणि असे खाते बंद करू शकते. त्या वाटेने आपण जाऊ नये.

तिसरी मागणी कागदाची. उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि जिमखाना यांच्याकडून ना-देय प्रमाणपत्रावर सही घ्यावी लागते. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसाठी त्यात एक ओळ वाढवावी: पेज आणि मेलपेटी सोपवली, नव्या कार्यवाहाने स्वतंत्रपणे लॉगिन करून पाहिले, दिनांक, दोघांच्या सह्या. ही ओळ कोरी राहिली म्हणून कोणाचाही दाखला अडवू नये, हेही त्याच वेळी ठरवावे. मार्गदर्शकांनी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले एवढे पुरेसे आहे.

चौथी मागणी तातडीची आहे. जुने पेज काढून टाकण्याची सूचना लेखी मागे घ्यावी, आणि ती मागे घेतली जाईपर्यंत सध्याच्या कार्यकारिणीवर त्यासाठी दबाव आणू नये. सध्याचा कार्यवाह द्वितीय वर्षाचा विद्यार्थी आहे. समितीसमोर नाही म्हणणे त्याला अवघड जाते, हे मी पाहिले आहे. प्रश्न विचारायचे असतील तर मला बोलवावे.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती करते. ज्यांनी कधी मंडळाचे पेज चालवले असेल त्यांनी आपला जुना फोन विकण्यापूर्वी, कोणाला देण्यापूर्वी किंवा पुसून कोरा करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. त्यावर महाविद्यालयातील कोणत्याही मंडळाचे पेज अजून लॉगिन असेल, तर काहीही न बदलता त्या मंडळाच्या आजच्या कार्यवाहाला कळवावे. नाट्य मंडळाचे पेज गेली दोन वर्षे असेच बंद आहे आणि त्यांना अद्याप असा फोन सापडलेला नाही.

बॅकअप कोडांचे बंद पाकीट मी मार्गदर्शक प्राध्यापकांकडे दिले आहे. त्याची पोच माझ्याजवळ आहे. मेलपेटी मिळाली की ती पेजला जोडण्यासाठी मी आणि गडहिंग्लजची मैत्रीण, आम्ही दोघी, समिती सांगेल त्या शनिवारी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हजर राहू. या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
निसर्ग मंडळाची माजी कार्यवाह (२०२१-२२)
कोल्हापूर